विल, गोइंग टू की प्रेझेंट कंटिन्युअस? आधी शेजारचं वाक्य वाचा

प्रश्न: मॅडम, मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतेय. इंग्रजीच्या बहुपर्यायी प्रश्नांत विल, गोइंग टू आणि प्रेझेंट कंटिन्युअस हे तिन्ही पर्याय एकत्र आले की माझं हमखास चुकतं. टुमारो दिसलं की मी विलवर खूण करते आणि उत्तरतालिकेत भलतंच निघतं. मराठीत तर तिन्हींचा अर्थ 'जाणार आहे' असाच होतो. मग ओळखायचं तरी कसं?

उत्तर: टुमारोकडे बघून उत्तर ठरवणं आजपासून बंद करा. टुमारो, टुनाइट, नेक्स्ट वीक हे शब्द तिन्ही रचनांबरोबर चालतात. ते फक्त काम कधी होणार एवढंच सांगतात. प्रश्नात विचारलेलं असतं ते दुसरंच: हे काम करायचं असं बोलणाऱ्याने ठरवलं कधी? आत्ता, बोलता बोलता? की आधीच? आणि आधीच ठरवलं असेल, तर ते अजून त्याच्या मनातच आहे, की समोरच्या माणसाशी बोलून, वेळ घेऊन, तिकीट काढून पक्कं झालंय? हे सगळं रिकाम्या जागेत सापडत नाही. ते शेजारच्या वाक्यात असतं, आणि घाईत आपण नेमकं तेच वाक्य वाचत नाही.

वर्गात मी हे एकाच फुटलेल्या फोनवर शिकवते. मैत्रीण म्हणते, 'युअर फोन स्क्रीन इज ब्रोकन.' यावर तीन वेगळी उत्तरं बघा.

पहिलं: 'ओह! आय डिडन्ट नोटिस. आय ____ इट टू द शॉप.' इथे स्क्रीन फुटल्याचं बोलणारीला आत्ताच कळलं. दुकानात न्यायचा विचार या क्षणाआधी तिच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. म्हणून 'विल टेक'.

दुसरं: 'येस, आय नो. आय ____ इट टू द शॉप धिस वीक.' तिला आधीच माहीत होतं, आणि दुरुस्त करायचंही मनाशी ठरलेलं होतं. दुकान कोणतं, वार कोणता, काही सांगितलेलं नाही. म्हणून 'ॲम गोइंग टू टेक'.

तिसरं: 'येस, आय नो. आय हॅव स्पोकन टू द शॉप. आय ____ इट देअर ॲट फाइव्ह.' दुकानदाराशी बोलणं झालंय, पाचची वेळ ठरलीय. म्हणून 'ॲम टेकिंग'.

फोन तोच, काम तेच, जायचं तेही दुकानातच. बदललं काय, तर 'ओह, आय डिडन्ट नोटिस' हे 'आय नो' झालं आणि पुढे 'आय हॅव स्पोकन' आलं. परीक्षेतला खरा प्रश्न या चार-पाच शब्दांत असतो. 'ओह', 'रिअली?', 'आय फरगॉट', 'ऑल राइट', 'वेट अ मिनिट' असलं काही दिसलं की माणूस आत्ता ठरवतोय असं समजा. 'आय नो', 'ऑलरेडी', 'आय हॅव डिसायडेड', 'दॅट्स व्हाय आय बॉट' असं काही दिसलं, तर ठरवणं मागेच झालंय.

आता तुमचं दुसरं म्हणणं, की मराठीत तिन्ही एकच. ते खरं नाही, आणि यावर मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण मराठी मुलांच्या चुका बहुतेक इथूनच निघतात. 'जाणार आहे' हे भाषांतर आपल्याला पाठ करायला दिलेलं असतं. पण घरात आपण तसं बोलत नाही. दाराची बेल वाजली की तुम्ही आतल्या खोलीतून काय म्हणता? 'थांब, मी बघते.' 'मी बघणार आहे' असं तुम्ही म्हणणार नाही. म्हटलंत तर आई विचारेल, 'म्हणजे? कोण येणार हे तुला ठाऊक होतं का?' म्हणजे आत्ता घेतलेला निर्णय आणि आधी घेतलेला निर्णय हा फरक मराठीतही आहे, आणि तुम्ही तो न चुकता पाळता.

भाजीवाल्याकडे सुट्टे नाहीत, तुम्ही म्हणता, 'असू द्या, मी उद्या देते.' कुणी पिशवी उचलताना दमलेलं दिसलं, 'द्या इकडे, मी घेते.' हॉटेलात काय हवं विचारलं, 'मी चहाच घेते.' जागेवर ठरवलेल्या गोष्टीला मराठीत आपण सरसकट साधा वर्तमानकाळ वापरतो. गोची इथेच होते. डोक्यात 'मी बघते' असतं, म्हणून हात 'आय ओपन द डोअर' नाही तर 'आय ॲम ओपनिंग द डोअर' या पर्यायाकडे जातो. इंग्रजीत या जागी वर्तमानकाळ चालत नाही. तिथे 'आय विल ओपन द डोअर' हेच लागतं. तेव्हा हे लक्षात ठेवा: मराठीत तुम्ही जिथे चटकन 'करते, देते, घेते, बघते' म्हणाल, पण ते काम अजून व्हायचं आहे, तिथे इंग्रजीत विल.

'करीन, देईन, येईन' हे रूप शब्द देताना, तयारी दाखवताना आपल्या तोंडी येतं. 'कुणाला सांगणार नाही, शप्पथ' किंवा 'पोचल्यावर फोन करीन' ही वचनं आहेत, आणि इंग्रजीत त्यांनाही विलच लागतं. विल या शब्दाचा जुना अर्थ 'इच्छा असणे' असा होता. त्यामुळे वचन, तयारी, मदत करू का असं पुढे होऊन विचारणं, हे सगळं विलच्या पोटात आजही आहे. इंग्रजीत क्रियापदाला प्रत्यय लावून भविष्यकाळ करायची सोयच नाही. आपल्या 'करीन, करशील, करेल'सारखी रूपं तिथे नाहीत. म्हणून विल म्हणजेच भविष्यकाळ हे शाळेत घोकलेलं समीकरण डोक्यातून काढून टाकलं तरच हे प्रश्न सुटतात.

आधी ठरवलेल्या गोष्टीला मराठीत 'मी या वर्षी गाडी शिकणार आहे' असं म्हणतो. ते गोइंग टू. आणि सगळं पक्कं झालेलं असलं की आपणही नकळत चालू वर्तमानकाळात शिरतो: 'उद्या आम्ही कोल्हापूरला जातोय', 'शनिवारी मामा येतोय', 'आज संध्याकाळी काय करतेयस?' हे शब्दशः प्रेझेंट कंटिन्युअस आहे. 'व्हॉट आर यू डूइंग धिस ईव्हनिंग?' हे वाक्य तुम्हाला विचित्र वाटायचं कारणच नाही.

ही जुळणी बऱ्याच ठिकाणी कामाला येते, पण सगळीकडे नाही. कठड्यावर चढलेल्या पोराला आपण ओरडतो, 'अरे, पडशील!' मराठी रूप भविष्यकाळाचं आहे, म्हणून मुलं 'यू विल फॉल' निवडतात. इंग्रजीत इथे 'लुक आउट! यू आर गोइंग टू फॉल' हे उत्तर धरतात, कारण तोल जातोय हे बोलणाऱ्याला डोळ्यांनी दिसतंय. म्हणजे ही गोष्ट बेताची नाही, अंदाजाची आहे, आणि अंदाजाला वेगळी कसोटी लागते.

ती कसोटी अशी. आधी बघा, रिकाम्या जागेतली गोष्ट माणसाच्या हातातली आहे का? मी मुलांना सांगते, ती डायरीत वेळ टाकून लिहिता येईल का बघा. 'शुक्रवार, सकाळी 11, डॉक्टर' असं लिहिता येतं. 'शुक्रवार, सकाळी 11, पाऊस' असं कुणी लिहीत नाही. पाऊस पडणं, झाड कोसळणं, परीक्षेत पास होणं, दुकानात गर्दी होणं या गोष्टी आपण ठरवत नाही, त्यामुळे त्यांना भविष्यासाठी प्रेझेंट कंटिन्युअस लावता येत नाही. 'इट इज रेनिंग टुमारो' हा पर्याय डोळे झाकून खोडा. नो, बिलीव्ह, लाइक, नीड यांसारख्या क्रियापदांबाबतही तेच. 'यू आर नोइंग द रिझल्ट टुमारो' हा पर्याय वाचायलाही वेळ घालवू नका.

मग उरतात विल आणि गोइंग टू. इथे पुरावा शोधा. 'लुक ॲट दोज ब्लॅक क्लाउड्स! इट ____.' ढग समोर दिसतायत, म्हणून 'इज गोइंग टू रेन'. 'आय थिंक इट ____ टुमारो.' समोर काही नाही, नुसतं मत आहे, म्हणून 'विल रेन'. लुक, लिसन, वॉच आउट, आय फील सिक, किंवा 'इट्स ऑलरेडी नाइन अँड द बस हॅज नॉट कम' असली वाक्यं म्हणजे पुरावा. आय थिंक, आय ॲम शुअर, प्रोबॅब्ली, परहॅप्स, आय होप म्हणजे मत. रोजच्या बोलण्यात इंग्रज माणूस 'आय थिंक इट्स गोइंग टू रेन' असंही सहज म्हणतो, आणि ते चूक नाही. पण परीक्षेत आय थिंक दिलेलं असेल आणि समोर काही घडत असल्याची खूण नसेल, तर प्रश्न काढणाऱ्याला बहुतेक वेळा विल हवं असतं.

सगळ्यांत अवघड जोडी म्हणजे गोइंग टू आणि प्रेझेंट कंटिन्युअस. यात तुम्हाला खोटी खात्री द्यायची नाही. 'आय ॲम मीटिंग माय टीचर टुमारो' आणि 'आय ॲम गोइंग टू मीट माय टीचर टुमारो' ही दोन्ही वाक्यं बरोबर आहेत, आणि दोन्ही एकाच प्रसंगी बोलता येतात. काही वर्षांपूर्वी मी स्वतः एका सराव चाचणीत 'वी ____ अवर ग्रँडमदर ऑन संडे' असा प्रश्न घालून हे दोन्ही पर्याय ठेवले होते. एका मुलीने उभं राहून विचारलं, 'मॅडम, आजीला कळवलंय का नाही, हे प्रश्नात कुठे आहे?' तिचं बरोबर होतं. प्रश्नात खूण नव्हती, म्हणजे उत्तरही एक नव्हतं. मी तो प्रश्न रद्द केला आणि सगळ्यांना गुण दिले. तेव्हापासून प्रश्न काढताना मी तिचंच वाक्य वापरते: समोरच्याला कळवलंय का?

तुम्हीही तेच वापरा. भेट, लग्न, पार्टी, डॉक्टरची वेळ, प्रवास, मुलाखत या गोष्टी एकट्याने ठरत नाहीत. त्यात दुसरा माणूस, जागा, वेळ, तिकीट, बुकिंग यांपैकी काहीतरी असतं. शेजारच्या वाक्यात 'वी हॅव बुक्ड', 'आय हॅव ॲन अपॉइंटमेंट', 'एव्हरीथिंग इज अरेंज्ड', 'द टिकेट्स आर इन माय बॅग' असं आलं, तर प्रेझेंट कंटिन्युअस निवडा. उलट वजन कमी करणं, कविता लिहिणं, मन लावून अभ्यास करणं, मोठेपणी शिक्षिका होणं हे कुणाला कळवून, वेळ घेऊन होत नाही. तो आपला स्वतःचा निश्चय असतो. तिथे गोइंग टू. 'आय ॲम बिकमिंग अ टीचर व्हेन आय ग्रो अप' हा पर्याय म्हणूनच पडतो.

गो आणि कम या दोन क्रियापदांपाशी मुलं हमखास अडखळतात. 'आर गोइंग' दिसलं की 'टू' राहिलंय असं वाटतं. 'वी आर गोइंग टू नाशिक' यातल्या 'टू'पुढे गावाचं नाव आहे, क्रियापद नाही. तेव्हा हे जाणं या क्रियापदाचं साधं प्रेझेंट कंटिन्युअस आहे. 'वी आर गोइंग टू व्हिजिट नाशिक' यात 'टू'पुढे क्रियापद आहे, म्हणजे ही गोइंग टू रचना. 'वी आर गोइंग टू गो टू नाशिक' हेही शुद्धच आहे. फक्त दोनदा गो आल्याने लोक ते टाळतात.

आता एक अख्खा संवाद सोडवू. रविवारी काय बेत आहे असं मीना विचारते.

रेखा: 'माय कझिन इज गेटिंग मॅरीड इन नाशिक. वी हॅव बुक्ड अवर सीट्स. वी (1) ____ बाय द सेव्हन ओ'क्लॉक बस.' पर्याय: विल गो, आर गोइंग, गो.

मीना: 'हाऊ विल यू कॅरी ऑल दीज गिफ्ट्स?'

रेखा: 'ओह, आय हॅवन्ट थॉट अबाउट दॅट.'

मीना: 'डोन्ट वरी. आय (2) ____ यू माय बिग बॅग.' पर्याय: ॲम लेंडिंग, ॲम गोइंग टू लेंड, विल लेंड.

रेखा: 'थँक्स! आफ्टर द वेडिंग आय (3) ____ हार्ड फॉर द एक्झाम. आय हॅव मेड अप माय माइंड.' पर्याय: विल स्टडी, ॲम गोइंग टू स्टडी, स्टडी.

मीना: 'गुड. कॉल मी.'

रेखा: 'आय (4) ____ यू व्हेन आय (5) ____ बॅक.' पर्याय: विल कॉल आणि विल गेट, विल कॉल आणि गेट, कॉल आणि विल गेट.

पहिल्या जागेत गोंधळायचं कारण सात वाजताची बस आहे. ठरलेल्या वेळेची बस दिसली की काही जण साधा वर्तमानकाळ निवडतात. पण वेळापत्रकाचा साधा वर्तमानकाळ वेळापत्रक ज्याचं असतं त्याला लागतो: 'द बस लीव्ह्ज ॲट सेव्हन.' इथे कर्ता 'वी' आहे. सीट राखून ठेवल्यायत, जागा आणि वेळ ठरलीय. उत्तर 'आर गोइंग'.

दुसऱ्या जागेआधी रेखा म्हणते की तिने याचा विचारच केलेला नाही. अडचण मीनासमोर आत्ता आली, बॅग द्यायचं तिने आत्ता ठरवलं. मराठीत ती काय म्हणेल? 'मी देते माझी बॅग.' उत्तर 'विल लेंड'. इथे 'ॲम गोइंग टू लेंड' घातलं तर मीना आधीपासूनच बॅग द्यायचं ठरवून बसली होती असा अर्थ होईल, आणि तो संवादाशी जुळत नाही.

तिसऱ्या जागेची खूण रिकाम्या जागेच्या नंतर आहे. हे मुद्दाम करतात. 'आय हॅव मेड अप माय माइंड' इथपर्यंत न वाचता जो खूण करतो, तो विलवर जातो. निश्चय आधीच झालाय, त्यात दुसरं कुणी गुंतलेलं नाही, म्हणून 'ॲम गोइंग टू स्टडी'. एक गोष्ट बघा, या पर्यायांत 'ॲम स्टडिंग' ठेवलेलंच नाही. प्रश्न नीट काढणारा माणूस दोन जवळचे पर्याय समोरासमोर आणायचं टाळतो. म्हणून पर्यायांकडे बघूनही कळतं की तपासायचा फरक कोणता आहे.

चौथी आणि पाचवी जागा एकत्र आहे. फोन करण्याचं वचन आहे, म्हणून 'विल कॉल'. पण 'व्हेन'नंतरच्या वाक्यात, भविष्याचा अर्थ असला तरी, विल येत नाही: 'व्हेन आय गेट बॅक'. इफ, अनलेस, अनटिल, ॲज सून ॲज, बिफोर, आफ्टर यांच्यानंतरही असंच. मात्र 'आय डोन्ट नो व्हेन ही विल कम' यातलं 'व्हेन' म्हणजे मराठीतलं 'कधी', 'जेव्हा' नव्हे. तिथे विल चालतं. 'जेव्हा' लावून बघा. अर्थ लागला तर विल खोडा.

एक अपवाद मात्र स्वतंत्र लक्षात ठेवावा लागतो. औपचारिक सूचना आणि बातम्या यांत सगळं पक्कं ठरलेलं असूनही विल वापरतात. 'द एक्झामिनेशन विल बी हेल्ड ऑन 12 जानेवारी', 'द मिनिस्टर विल इनॉगरेट द ब्रिज टुमारो' अशी वाक्यं नोटिसबोर्डावर आणि वर्तमानपत्रात रोज दिसतात. समोरच्याला कळवलंय का ही कसोटी इथे लावलीत तर चुकाल. ती कसोटी दोन माणसांच्या बोलण्याची आहे. वाक्य सूचनेचं दिसलं की विल.

सोडवताना क्रम असा ठेवा, वेळ वाचतो. आधी जागेच्या मागे व्हेन किंवा इफ आहे का ते बघा. मग गोष्ट माणसाच्या हातातली आहे का ते बघा. नसेल तर प्रेझेंट कंटिन्युअस खोडून पुरावा की मत एवढंच तपासा. असेल तर ठरवलं कधी आणि समोरच्याला कळवलंय का हे दोन प्रश्न विचारा. इतकं करूनही दोन पर्याय बरोबरीने उरले आणि वाक्यात खूणच नसेल, तर तो प्रश्नाचा दोष असू शकतो. तिथे अडकून बसू नका, पुढे जा. पहिली उत्तरतालिका आल्यावर हरकत घेता येत असेल, तर दोन्ही वाक्यं कोणत्या प्रसंगी बरोबर ठरतात ते लिहून हरकत घ्या.

सरावाला नुसते नवे प्रश्न सोडवू नका. तुमचा चुकलेला एक प्रश्न घ्या आणि त्याचं शेजारचं वाक्य बदलून उरलेले दोन पर्याय बरोबर करून दाखवा. समजा प्रश्न होता, 'आय ____ माय आंट टुनाइट' आणि उत्तर होतं 'ॲम सीइंग', कारण मागे 'शी इज एक्स्पेक्टिंग मी ॲट एट' असं होतं. आता तुम्ही मागे असं काय लिहाल की उत्तर 'विल सी' होईल? 'इज शी इन टाऊन? ग्रेट!' आणि 'ॲम गोइंग टू सी' होण्यासाठी? 'आय हॅव डिसायडेड टू टॉक टू हर, बट शी डझन्ट नो यट.' वहीत असे दहा प्रश्न उलटेपालटे करा. जे अडेल ते वाक्य मला पूर्ण लिहून पाठवा, शेजारच्या वाक्यासकट.